चुका वाढल्या, गुणही वाढले

पहिल्या मसुद्यात दर शंभर शब्दांमागे बारा चुका होत्या. दुरुस्त मसुद्यात त्या सव्वीस झाल्या. आणि मी त्या पेपरचं रेटिंग तीनवरून सहावर नेलं.

चुका दुपटीहून जास्त झाल्यावर गुण वाढवणारा परीक्षक लेखकांना चक्रावून टाकणारच. त्याच समितीतल्या दुसऱ्या एका समीक्षकानेही मला सरळ विचारलं, की हे कसं काय? त्या दोघांसाठी मी जे उत्तर लिहिलं, त्याबद्दल हा लेख आहे. संशोधनाच्या परिषदांमध्ये असं उत्तर लिहायची वेळ प्रत्येक समीक्षकावर येते. बरेच जण ती एका ओळीत उरकतात: ‘शंकांचं निरसन झालं, रेटिंग वाढवत आहे.’ कोणती शंका, कशाने फिटली आणि आधी ती का होती, यातलं काहीच त्या ओळीतून कळत नाही.

समीक्षा गोपनीय असते, म्हणून पेपर ओळखू येणार नाही इतपत तपशील आणि आकडे मी बदलले आहेत. ज्या कारणांनी रेटिंग हललं, ती मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.

पेपर होता मराठी बोलणं ऐकून ते लिहून काढणाऱ्या यंत्रणेचा. अशा यंत्रणेचं मोजमाप साधं असतं. माणूस म्हणाला, ‘काल बाजारात भेंडी स्वस्त होती.’ यंत्राने लिहिलं, ‘काल बाजारात भांडी स्वस्त होती.’ पाच शब्दांत एक चूक, म्हणजे वीस टक्के. शब्द गाळला तरी चूक आणि पदरचा शब्द घातला तरी चूक. लेखकांकडे चाळीस माणसांची रेकॉर्डिंग्ज होती: प्रमाण मराठी बोलणारे अठरा, वऱ्हाडी बोलणारे अठरा आणि मालवणी बोलणारे चार. प्रत्येकाने साठ वाक्यं म्हटलेली, म्हणजे एकूण दोन हजार चारशे. जुन्या पद्धतीने चोवीस टक्के चुका आणि त्यांच्या नव्या पद्धतीने बारा. पेपरचा दावा असा, की मराठीच्या बोलींसाठी चुका निम्म्यावर येतात.

मला पहिल्यांदा खटकला तो मालवणीचा आकडा. प्रमाण मराठीत जेवढी सुधारणा होती, जवळजवळ तेवढीच मालवणीतही दिसत होती. अठरा माणसांकडून शिकलेली गोष्ट आणि चार माणसांकडून शिकलेली गोष्ट इतकी सारखी उतरत नाही. मग मी मागे जाऊन विभागणीची ओळ पुन्हा वाचली. ‘वाक्यं यादृच्छिकपणे विभागून ऐंशी टक्के शिकवण्यासाठी आणि वीस टक्के तपासणीसाठी ठेवली.’ चूक तिथेच होती. विभागणी वाक्यांची झाली होती, माणसांची नाही. म्हणजे प्रत्येक माणसाची साठातली साधारण अठ्ठेचाळीस वाक्यं यंत्राने आधीच ऐकलेली होती. परीक्षेत आलेला आवाज त्याच्या ओळखीचाच होता. तोच माणूस, तोच माइक, त्याच खोलीतला पंख्याचा आवाज.

अशी गळती नवखे लोकच करतात असं मुळीच नाही. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी चेक्सनेट ही प्रणाली मांडली. तिच्यासाठी वापरलेल्या संग्रहात 30,805 रुग्णांची 1,12,120 छायाचित्रं होती. म्हणजे बऱ्याच रुग्णांची एकाहून अधिक. पेपरच्या पहिल्या आवृत्तीत विभागणी छायाचित्रांची होती. एकाच रुग्णाची चित्रं दोन्हीकडे येऊ शकतात हे बाहेरच्या वाचकांनी दाखवून दिलं आणि पुढच्या आवृत्तीत विभागणी रुग्णांनुसार झाली. मराठी आवाजाच्या पेपरात नेमका हाच प्रश्न होता, फक्त रुग्णाच्या जागी बोलणारा माणूस.

आता रेटिंगचं बोलू, कारण त्याची शिडी ठाऊक नसेल तर पुढचं कळणार नाही. आयसीएलआर ही यंत्र-शिक्षणातली मोठी परिषद 2013 पासून भरते आणि तिथल्या समीक्षा सगळ्यांना वाचता येतात. 2024 साली तिच्या फॉर्मवर एकूण रेटिंगसाठी सहाच पर्याय होते: 1, 3, 5, 6, 8 आणि 10. तीन म्हणजे नाकारण्याजोगा. पाच म्हणजे उंबरठ्याच्या जरासा अलीकडे आणि सहा म्हणजे जरासा पलीकडे. आठ म्हणजे चांगला पेपर, घ्यावा. मधले चार आणि सात नाहीतच. शिवाय मांडणीचा भक्कमपणा, लेखनाची स्पष्टता आणि योगदान या तीन गोष्टींना एक ते चारमध्ये वेगळे गुण, आणि समीक्षकाला स्वतःच्या मताची खात्री किती, ते एक ते पाचमध्ये. माझ्यासमोरचा फॉर्मही याच धर्तीचा होता. मी एकूण तीन दिले होते. भक्कमपणाला दोन, योगदानाला दोन, स्पष्टतेला तीन आणि माझ्या खात्रीला चार.

पहिल्या समीक्षेत मी एक सवय पाळतो. उणिवा लिहून झाल्या की खाली लिहितो, की माझं मत कशाने बदलेल. या पेपरला तिथे तीन अटी होत्या. पहिली: तपासणीतला एकही माणूस शिकवणीत नसावा. दुसरी: जुनी आणि नवी पद्धत दोन्हींना सारखीच संधी द्यावी, कारण लेखकांनी स्वतःच्या पद्धतीसाठी वीस वेगवेगळ्या मांडण्या चाचपल्या होत्या आणि जुनी पद्धत मात्र पाकिटातून काढली तशीच चालवली होती. तिसरी: दावा पुराव्याएवढाच असावा. तीन बोलींपैकी एकीची चारच माणसं असताना ‘मराठीच्या बोलींसाठी’ असं सरसकट म्हणता येत नाही.

आणि आणखी एक ओळ लिहिली होती, जिचा पुढे फार उपयोग झाला: ‘पहिली अट पूर्ण झाल्यावर सुधारणा कमी झाली तरी ते माझ्या दृष्टीने वजाबाकीचं नाही. ती सुधारणा खरी आहे का, एवढंच मी पाहतो.’

दोन आठवड्यांनी लेखकांचं उत्तर आणि दुरुस्त मसुदा आला. त्यांनी काम मन लावून केलं होतं. चाळीस माणसांचे आठ-आठांचे पाच गट पाडले. दर खेपेला एक गट तपासणीसाठी बाजूला. उरलेल्या बत्तीसमधले चार जण मांडणी निवडण्यासाठी आणि अठ्ठावीस जण शिकवण्यासाठी. पाच खेपांत प्रत्येक माणसाची पाळी एकदा तपासणीत आली. नुसती विभागणी बदलली तेव्हाच चित्र पालटलं: जुनी पद्धत तेहतीस टक्के, नवी सव्वीस. मग जुन्या पद्धतीलाही वीस मांडण्यांची संधी दिली, तेव्हा ती एकतीसवर आली. शेवटचा हिशोब एकतीस विरुद्ध सव्वीस. म्हणजे चुका निम्म्यावर येण्याऐवजी साधारण सहाव्या हिश्शाने कमी.

नव्या पद्धतीची घसरण जुनीपेक्षा मोठी का, याचं कारणही त्यांनी शोधून दिलं होतं आणि ते मला सगळ्यात आवडलं. त्यांच्या पद्धतीत बोलणाऱ्याच्या आवाजाशी जुळवून घेणारा एक भाग होता. ओळखीचे आवाज मिळाले की तो भाग ते पाठ करायचा. त्यामुळे गळतीचा फायदा दोन्ही पद्धतींना झाला, पण यांच्या पद्धतीला जास्त. हे लेखकांनी लपवलं नाही, मूळ लेखातच एक परिच्छेद वाढवून लिहिलं.

तरी एकतीस आणि सव्वीस हे सरासरीचे आकडे आहेत. दोन-चार माणसांच्या बाबतीत पद्धत फारच चांगली चालली आणि बाकीच्यांच्या बाबतीत काहीच फरक पडला नाही, तरीही सरासरी अशीच दिसू शकते. म्हणून मी त्यांना माणसागणिक आकडे मागितले होते, आणि ते आले. चाळीसपैकी तेहतीस जणांच्या बाबतीत नवी पद्धत पुढे होती. वऱ्हाडीत अठरापैकी सोळा, प्रमाण मराठीत अठरापैकी पंधरा. मालवणीत चारपैकी दोन.

यानंतर मी लेखकांना जे उत्तर पाठवलं, ते अर्थातच इंग्रजीत होतं. मराठीत ते असं उतरतं:

‘सविस्तर उत्तराबद्दल आभार. एकूण रेटिंग मी तीनवरून सहावर नेत आहे. पहिल्या समीक्षेत तीन अटी लिहिल्या होत्या, त्यांच्याच क्रमाने कारणं देतो.

‘पहिली अट, बोलणाऱ्यांची विभागणी. पूर्ण झाली. नव्या विभागणीत तपासणीतला एकही आवाज शिकवणीत नाही, आणि मांडणी निवडण्यासाठीही तपासणीचा गट वापरलेला नाही. चुकांचं प्रमाण वाढलं आहे याची मला कल्पना आहे. आधीचे बारा टक्के हे अनोळखी माणसाच्या बोलण्यावरचे नव्हते, त्यामुळे बारा आणि सव्वीस यांची तुलना होत नाही. तुलना करायची ती एकतीस आणि सव्वीस यांची. भक्कमपणाचे गुण दोनवरून तीन करतो. एकूण रेटिंगमधली बहुतेक वाढ याच एका कारणाने आहे.

‘दुसरी अट, सारखी संधी. पूर्ण झाली. जुनी पद्धत यामुळे तेहतीसवरून एकतीसवर आली, म्हणजे आधी दिसणाऱ्या फरकाचा काही भाग असमान वागणुकीतून आला होता. तो वगळूनही फरक उरतो आणि तो चाळीसपैकी तेहतीस जणांमध्ये दिसतो.

‘तिसरी अट, दाव्याची व्याप्ती. अर्धी पूर्ण झाली. सारांशातून “निम्म्यावर” हा शब्द गेला, हे योग्य झालं. पण शीर्षकात आणि समारोपात “मराठीच्या बोली” असं अजून आहे. मालवणीच्या चारपैकी दोघांनाच फायदा झाला आहे. एवढ्यावरून फायदा होतो असंही म्हणता येत नाही आणि होत नाही असंही म्हणता येत नाही. प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी अशी नावं घेऊन दावा करावा.

‘योगदानाचे गुण दोनच ठेवतो. पद्धतीचं मूळ नवेपण पहिल्या वाचनात जेवढं वाटलं होतं तेवढंच आजही वाटतं. दुरुस्तीचा त्याच्याशी संबंध नव्हता. स्पष्टता तीन आणि माझी खात्री चार, यांतही बदल नाही.

‘आठ का नाही: तिसरी अट अपुरी आहे आणि योगदान माफक आहे. पाच का नाही: माझा मुख्य आक्षेप पुराव्यावर होता, आणि तो आता उरलेला नाही.

‘आणखी एक सूचना, जिचा रेटिंगशी संबंध नाही. मोठ्या मॉडेलवर हाच प्रयोग करून पाहावा. हे मी पहिल्या समीक्षेत मागितलं नव्हतं, म्हणून त्याच्या नसण्याचे गुण कापलेले नाहीत.’

एवढंच उत्तर. लिहायला तास-दीड तास लागला, त्यातला बराचसा वेळ स्वतःची पहिली समीक्षा पुन्हा वाचण्यात गेला.

ही पहिली समीक्षा पुन्हा वाचणं मी फार महत्त्वाचं मानतो. दोन आठवडे गेले की समीक्षकाला आपले शब्द आठवत नाहीत, उरतं ते एक सर्वसाधारण मत: पेपर ठीक होता, बरा नव्हता. दुरुस्त मसुदा हातात घेताना आपण नकळत नव्याने वाचायला बसतो, नवे दोष दिसतात आणि ते दोष पहिल्या दिवसापासून आपल्या मनात होते असं वाटायला लागतं. मोठ्या मॉडेलची सूचना मला अशीच सुचली. उत्तराच्या पहिल्या खर्ड्यात ती मी चक्क ‘आठ का नाही’ या परिच्छेदात घातली होती. जुनी समीक्षा उघडली तेव्हा लक्षात आलं, की हे मी कधी मागितलंच नव्हतं. दोन आठवड्यांत लेखकांनी सांगितलेलं सगळं केलं आणि मी चौथी अट काढून बसलो असतो. धावणाऱ्याने फीत गाठली आणि पंचाने ती उचलून पन्नास पावलं पुढे नेली, असा तो प्रकार झाला असता. म्हणून ती सूचना वेगळी काढली आणि तिचे गुण मोजले नाहीत हे लिहून टाकलं.

इथे एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. नवी मागणी वेगळी आणि दुरुस्तीतून आलेला नवा दोष वेगळा. समजा, लेखकांनी पाच गट पाडले असते, पण मांडणी निवडताना तपासणीच्याच गटाकडे पाहिलं असतं, तर ती नवी गळती झाली असती. ती पहिल्या समीक्षेत लिहिलेली नसली तरी पहिल्याच अटीत बसते, कारण अट होती ती अनोळखी माणसावरच्या मोजमापाची. अशा वेळी रेटिंग न वाढवणं, प्रसंगी कमी करणंही रास्त असतं. मी त्यांना हे विचारलं होतं आणि त्यांनी ते चार जण बाजूला ठेवल्याचं दाखवलं, तेव्हाच पहिल्या अटीपुढे ‘पूर्ण’ लिहिलं.

रेटिंग हलवणारं आणखी एक कारण असतं, जे कुणीच लिहीत नाही. ते म्हणजे शेजाऱ्याचं रेटिंग. यांग गाओ आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाषातंत्रज्ञानातल्या एसीएल परिषदेच्या 2018 सालच्या समीक्षा आणि लेखकांची उत्तरं त्यांनी तपासली. निघालं असं, की समीक्षकाचं शेवटचं रेटिंग मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरतं: त्याने स्वतः आधी काय दिलं होतं आणि बाकीच्या समीक्षकांच्या रेटिंगपासून तो किती दूर होता. लेखकांच्या उत्तराचा परिणाम त्यामानाने फारच थोडा. म्हणजे माझे तीन आणि इतरांचे सहा असतील, तर मी पाच-सहाकडे सरकण्याची शक्यता लेखकांनी काय लिहिलं यापेक्षा या अंतरातून जास्त येते.

हे वाचल्यापासून मी स्वतःवर लक्ष ठेवतो. या पेपरला बाकी दोघांनी पाच आणि सहा दिले होते, म्हणजे मीच एकटा खाली होतो. ओढ होतीच. ती ओळखायची माझी युक्ती साधी आहे. ‘वाढवलं, कारण’ असं लिहून पुढचं वाक्य पूर्ण करायचं, आणि त्या वाक्यात लेखकांच्या मसुद्यातला तक्ता, पान किंवा आकडा यायलाच हवा. आला नाही तर रेटिंग हात न लावता तसंच ठेवायचं. इतर समीक्षकांनी मला पटेल असं काही दाखवून दिलं असेल, तर तेही चालतं, पण मग त्यांचा मुद्दा नाव घेऊन लिहायचा. ‘इतर समीक्षा वाचून’ एवढंच लिहून भागत नाही.

पाचवाल्या समीक्षकाने याच पेपरचं रेटिंग थेट आठवर नेलं आणि एक ओळ लिहिली, की लेखकांनी उत्तम उत्तर दिलं. आमच्या रेटिंगांवरून शिफारस करणाऱ्या एरिया चेअरने त्यांना विचारलं, की तुमच्या पहिल्या समीक्षेत दोन आक्षेप होते, त्यांपैकी कोणता फिटला? ते मोकळ्या मनाने म्हणाले, की एक फिटला आहे आणि दुसरा पुन्हा बघतो. दुसऱ्या दिवशी त्यांचं रेटिंग सहा झालं आणि खाली चार ओळींचं कारण आलं. त्या चार ओळी माझ्या उत्तरापेक्षा आटोपशीर होत्या आणि मला त्या आवडल्या. कारण किती लांब आहे याला महत्त्व नाही. ते कोणत्या आक्षेपाला जाऊन भिडतं, ते दिसलं पाहिजे.

मी लिहिलेल्या उत्तराची मर्यादाही सांगायला हवी. अटी आधी लिहिल्या की समीक्षक त्यांना बांधला जातो. पहिल्या वाचनात माझं काही निसटलं असेल, तर हीच शिस्त ती चूकही पुढे नेते. समजा, वाक्यं माणसागणिक वेगळी नसून सगळ्यांनी तीच साठ वाक्यं वाचलेली असती, तर माणसं वेगळी काढूनही मजकूर यंत्राच्या ओळखीचाच राहिला असता. हे मी पहिल्या समीक्षेत विचारलं नव्हतं. दुसऱ्या वाचनात सुचलं, आणि ते पहिल्या अटीच्या मुळाशी जात असल्यामुळे विचारणं भागच होतं. उत्तर आलं, की वाक्यं प्रत्येकाला वेगळी दिली होती, यादी परिशिष्टात आहे. यादी होती. तसं नसतं, तर मला ‘हे मला आधीच दिसायला हवं होतं’ असं लिहून रेटिंग तीनवर ठेवावं लागलं असतं. लेखकांना ते अन्यायाचं वाटलं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नसतं.

उत्तर गेल्यावर लेखकांनी एकच विचारलं: आठसाठी काय करावं लागेल? मी लिहिलं, की मालवणीची निदान आणखी पंधरा माणसं, आणि ती या आठवड्यात मिळणार नाहीत. या पेपरसाठी त्यांच्या मागे लागू नका, शीर्षक बदला. त्यांनी शीर्षक बदललं. ‘मराठीच्या बोली’ गेलं, ‘प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी’ आलं. मालवणीच्या चार जणांचा तक्ता काढून टाकला असता तर पेपर जास्त नीटनेटका दिसला असता आणि कुणी हरकतही घेतली नसती. तो त्यांनी ठेवला. अंतिम प्रतीत परिशिष्टाच्या शेवटच्या पानावर तो आहे, चार ओळींचा: दोघं पुढे, दोघं मागे.